कंजूष माणूस हळूहळू बदलतो कसा : ‘सायलस मार्नर’ची घडण

कंजूष माणसाची गोष्ट सांगण्याच्या दोन वाटा युरोपच्या साहित्यात फार पूर्वीपासून मळलेल्या आहेत. पहिल्या वाटेवरचा कंजूष कधी बदलतच नाही. मोलिएरच्या १६६८ सालच्या नाटकातला हार्पागॉन शेवटच्या प्रवेशातही आपल्या पैशांच्या पेटीकडेच धावतो. आचार्य अत्र्यांनी हेच नाटक ‘कवडीचुंबक’ या नावाने मराठीत आणले. त्यातली सगळी मौज नायक तसूभरही हलत नाही यात आहे. तो सुधारला तर नाटकच संपेल. दुसऱ्या वाटेवरचा कंजूष एका रात्रीत बदलतो. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मधल्या स्क्रूजला नाताळच्या आदल्या रात्री भुते भेटतात, आणि सकाळी तो उदार होऊन उठतो. ती बोधकथा आहे आणि बोधकथा म्हणून ती चोख आहे. पण माणसाची वर्षानुवर्षांची सवय खरोखर कशी सुटते, हे त्या कथेतून कळत नाही. ते दाखवायला तिला सवडच नसते.

तिसरी वाट जॉर्ज एलियटने ‘सायलस मार्नर’ या छोट्या कादंबरीत पाडली. जॉर्ज एलियट हे मेरी अ‍ॅन इव्हान्स या लेखिकेचे टोपणनाव. ‘रोमोला’ या मोठ्या ऐतिहासिक कादंबरीची तयारी चालू असताना ही गोष्ट मध्येच येऊन उभी राहिली, असे तिने लिहून ठेवले आहे. लहानपणी पाहिलेला, पाठीवर गाठोडे घेतलेला एक विणकर तिला आठवला आणि त्याच्यापासून कादंबरी वाढत गेली. १८६० च्या शरद ऋतूत सुरू झालेले लेखन पुढच्या मार्चपर्यंत पुरे झाले आणि एप्रिल १८६१ मध्ये पुस्तक निघाले. त्या काळी इंग्रजी कादंबरी सहसा तीन खंडांची असे. ही एकाच खंडात मावली. कंजूष माणूस सावकाश आणि पटेल असा बदलताना दाखवायचा तर लेखकाला नेमके काय काय करावे लागते, हे तिच्यात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

एलियटने पहिले काम हे केले की नायकाला जन्मजात कंजूष ठेवले नाही. सायलस मार्नर हा हातमागावर लिननचे कापड विणणारा कारागीर. तारुण्यात तो उत्तरेकडच्या एका औद्योगिक शहरात, लँटर्न यार्ड नावाच्या गल्लीतल्या छोट्या धर्मपंथात राहत होता. त्याला अधूनमधून शरीर ताठून भान हरपण्याचे झटके येत. एका रात्री तो आजारी धर्मसेवकाच्या उशाशी जागत बसलेला असताना असाच झटका आला. तेवढ्यात रुग्ण मरण पावला, पंथाच्या पैशांची थैली नाहीशी झाली आणि जिथे ती ठेवलेली असे तिथे सायलसचा खिशातला चाकू सापडला. विल्यम डेन या जिवलग मित्रानेच हा डाव रचला होता. पंथाच्या लोकांनी कायद्याकडे न जाता प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेतला. कौल सायलसच्या विरुद्ध गेला. वाग्दत्त वधूने लग्न मोडले आणि थोड्याच दिवसांत त्याच मित्राशी लग्न केले. सायलसने शहर सोडले आणि दूरच्या रॅव्हलो गावात, एका पडीक दगडखाणीजवळच्या झोपडीत माग मांडला.

इथे पैशाचा अजून संबंधच आलेला नाही. गेला आहे तो माणसांवरचा विश्वास आणि देवावरचा विश्वास. एलियट पैसा या रिकाम्या झालेल्या जागी आणते, आणि तोही एका साध्या व्यवहारातून. रॅव्हलोत पहिले मोठे काम मिळते ते ऑसगुड बाईंच्या टेबलावरच्या कापडाचे. त्याचा मोबदला म्हणून पाच सोन्याच्या गिनी त्याच्या तळहातावर पडतात. गिनी म्हणजे एकवीस शिलिंगांचे नाणे. लँटर्न यार्डात त्याला आठवड्याची मजुरी मिळे, तिचा मोठा भाग धर्मकार्याला जाई, आणि प्रत्येक पैशाला पुढचा काहीतरी हेतू ठरलेला असे. आता पैसा आहे पण हेतू उरलेला नाही. शिवाय या पाच गिनींत कुणाचा वाटाही नाही. त्या हातात धरून बघताना त्याला बरे वाटते. त्याच्या कंजूषपणाचे मूळ एवढेच आहे. हाव किंवा गरिबीची भीती त्यात नाही. श्रीमंत होण्याची इच्छाही नाही.

त्यानंतर एलियट सवय वाढताना दाखवते. एवढ्या गिनी झाल्या तर त्यांचा एक चौकोन रचता येईल, आणि तो पुरा झाला की पुढचा, अशा क्रमाने शिल्लक वाढत जाते. दिवसाला सोळा तास काम करण्याइतके बळ अंगात राहील अशा बेताने, कमीत कमी खर्चात जगायचे गणित तो मांडतो. मागाच्या खालच्या विटा काढून खड्डा करतो, त्यात लोखंडी भांडे ठेवतो, पुढे तेही अपुरे पडून चामड्याच्या दोन जाड पिशव्या येतात. रात्री दारे-खिडक्या लावून तो नाणी बाहेर काढतो, रास करतो, बोटांतून सोडतो. खर्चाला चांदीची नाणी, साठवणीला सोन्याची, असाही नियम आपोआप पडतो. अजून विणून न झालेल्या कापडाच्या गिनी त्याला न जन्मलेल्या मुलांसारख्या वाटतात. हा उल्लेख ओझरता आहे, पण पुढची सगळी कादंबरी त्यावर उभी आहे: सोन्यावरचे त्याचे प्रेम मुळातच आपल्या माणसावर करायचे प्रेम आहे, ते फक्त चुकीच्या जागी बसले आहे.

दुसरे काम याहून अवघड होते. नायक आतून पार मेलेला दाखवला तर पुढे तो जिवंत कसा होणार, आणि जिवंतच दाखवला तर तो कंजूष कसला? एलियटने दोन छोटे प्रसंग पेरून हा पेच सोडवला. रॅव्हलोतल्या सुरुवातीच्या दिवसांत सायलसला सॅली ओट्स ही चांभाराची बायको हृदयविकाराने आणि अंगावरच्या सुजेने बेजार झालेली दिसते. आपली आईही अशीच गेली हे त्याला आठवते आणि आईने शिकवलेल्या माहितीवरून तो तिला फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचे औषध देतो. तिला आराम पडतो. मग गावातले लोक गंडेदोरे आणि मंतरलेले उपाय मागायला त्याच्या दारात येऊ लागतात. त्यांना काहीतरी थातूरमातूर देऊन चांगली कमाई झाली असती. पण त्याला खोटेपणाचा पैसा नको असतो, म्हणून तो सगळ्यांना परत पाठवतो. मग कुणाचे काही बिघडले की लोक त्याच्याच नावाने खडे फोडतात. दयेची एक कृती आणि तिच्यातूनच आणखी पक्के झालेले एकटेपण, असा हा प्रसंग आहे. कंजूष ठरलेला हा माणूस लबाड नाही, हेही वाचकाच्या मनात इथेच ठसते.

दुसरा प्रसंग मातीच्या घागरीचा. शेतापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायची तपकिरी घागर बारा वर्षे त्याच्याजवळ होती, नेहमी एकाच जागी ठेवलेली. एके दिवशी ठेच लागून ती पडते आणि तिचे तुकडे होतात. ती आता कधीच उपयोगी पडणार नसते. तरी तो तुकडे गोळा करून घरी आणतो, जोडतो आणि आठवण म्हणून जुन्या जागी उभे करून ठेवतो. निव्वळ पैशाचा हिशेब करणारा माणूस असे करणार नाही. मनाचा ओलावा पूर्ण आटलेला नाही याचा पुरावा एलियटने सोने चोरीला जाण्याच्या बराच आधी, अगदी दुसऱ्या प्रकरणात देऊन ठेवला आहे. पुढचा बदल ओढूनताणून आणलेला वाटत नाही, कारण बदलणारे द्रव्य आधीच दाखवलेले असते. अनेक कथा इथेच फसतात. त्यांतला कंजूष शेवटी जी माया दाखवतो तिचा आधीच्या पानांत मागमूसही नसतो. त्यामुळे कथेला जे हवे ते लेखकाने नायकाच्या गळ्यात मारले असे वाटते.

पंधरा वर्षे अशी गेल्यावर चोरी होते. तिचीही तयारी बारकाईने केलेली आहे. त्या संध्याकाळी सायलसकडे भाजायला डुकराच्या मांसाचा तुकडा आहे. फुकट मिळालेला, म्हणून तो मनापासून खाणार आहे. तो चुलीपुढे टांगताना दोरी दाराच्या किल्लीतून ओवलेली असते. नव्या कामासाठी बारीक सुतळी लागणार हे ऐनवेळी आठवल्याने तो धुक्यात बाहेर पडतो. किल्ली अडकलेली म्हणून दार नुसते लोटलेले राहते. नेमका तेव्हाच जमीनदार स्क्वायर कॅसचा उडाणटप्पू मुलगा डन्स्टन तिथे येतो आणि दोन्ही पिशव्या घेऊन काळोखात नाहीसा होतो. चोरीला गेलेली रक्कम २७२ पौंड, १२ शिलिंग आणि ६ पेन्स. सायलसला ती अर्थात पाठ असते.

पैसा गेला आणि माणूस सुधारला, असे इथे घडत नाही. नुकसान हे औषध नव्हे, हे एलियट पक्के जाणते. सोने गेल्यावर सायलस उदार होत नाही, शहाणाही होत नाही. तो नुसता रिकामा होतो. माग चालू राहतो, कारण हाताला दुसरे काही येत नाही, आणि रात्री तो चुलीपुढे डोके धरून कण्हत बसतो. पण चोरीने एक गोष्ट मात्र घडवली. तो आयुष्यात पहिल्यांदा गावकऱ्यांकडे मदत मागायला गेला.

रेनबो या गुत्त्यात तो भिजलेला, विस्फारलेल्या डोळ्यांनी शिरतो तेव्हा गप्पा भुतांवरच चाललेल्या असतात आणि क्षणभर लोकांना तोच भूत वाटतो. जेम रॉडनी नावाच्या माणसाकडे बोट करून तो पैसे परत मागतो. गुत्त्याचा मालक त्याला कोट काढून शेकोटीजवळ बसायला लावतो आणि सगळे नीट सांग म्हणतो. सांगता सांगता सायलसला आठवते की पुराव्यावाचून आळ कसा येतो हे आपल्यावर गुदरलेले आहे. तो तिथल्या तिथे शब्द मागे घेतो आणि जेमची क्षमा मागतो. संपूर्ण कादंबरीतले बदलाचे हे पहिले पाऊल, आणि ते केवढे लहान आहे! पैशाविषयीची त्याची ओढ तितकीच आहे. फक्त पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघतो. हे त्याचे त्यालाही कळत नाही. माणसाच्या आत वाढ सुरू होते तेव्हा ती बाहेर दिसत नाही, असे एलियट इथेच थांबून सांगते.

यानंतरची काही प्रकरणे मुद्दाम संथ आहेत. गावाची नजर बदलते: ज्याला लोक चेटक्या समजत होते तो आता त्यांना एक बिचारा, वेंधळा माणूस वाटू लागतो. कुणी खाण्याचे जिन्नस पाठवते, कुणी वाटेत थांबून चार शब्द बोलते. चाकदुरुस्ती करणाऱ्याची बायको डॉली विन्थ्रॉप धाकट्या एरनला घेऊन घरच्या केक घेऊन येते आणि नाताळला चर्चमध्ये यायचा आग्रह करते. सायलस तिला बसायला खुर्ची देतो, मुलाला केकचा तुकडा देतो, पण ती गेल्यावर सुटकेचा श्वास टाकतो आणि नाताळ एकटाच काढतो. चर्चमध्ये जात नाही. दुसऱ्या कुठल्या लेखकाने इथेच डोळ्यांत पाणी आणून काम उरकले असते. एलियट चांगुलपणाला दारापर्यंत येऊ देते आणि त्याचा ताबडतोब काहीच परिणाम होत नाही हे प्रामाणिकपणे दाखवते. परिणाम होतो तो बराच पुढे, जेव्हा सायलसला खरोखर कुणाची गरज पडते आणि डॉलीचे घर त्याला माहीत असते.

चोरीनंतर सायलसला एक खोड लागलेली असते. तो वरचेवर दार उघडून बाहेर बघतो, जणू पैसे परत येताना दिसतील. वर्षाच्या शेवटच्या रात्री शेजारी त्याला सांगतात की नवे वर्ष लागेपर्यंत जागा राहा, ते शुभ असते, तुझे पैसेही परत येतील. तो जागतो. बर्फ पडत असते. तो दार उघडतो आणि तिथेच त्याला झटका येतो. हात दाराला, डोळे उघडे, भान नाही. त्याच वेळी जवळच झुडपाशी अफूच्या अमलाखाली पडलेल्या एका बाईच्या कुशीतून दोन वर्षांची मुलगी निसटते आणि उघड्या दारातल्या उजेडाकडे चालत येते. ती बाई म्हणजे स्क्वायरचा थोरला मुलगा गॉडफ्री कॅस याची लपवून ठेवलेली बायको. बर्फातच तिचा अंत होतो. सायलस भानावर येऊन चुलीकडे वळतो तेव्हा त्याच्या अधू नजरेला जमिनीवर सोने दिसते. तो हात पुढे करतो. बोटांना कठीण नाण्यांऐवजी मऊ कुरळे केस लागतात.

हा योगायोग मोठा आहे, आणि सोन्याच्या जागी सोनेरी केस हे जरा जास्तच नेटके जमले आहे असे कठोर वाचकाला वाटेल. ते खोटे नाही. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. घटना अचानक घडते. माणूस अचानक बदलत नाही. मुलीला बघून सायलसला दयेचा साक्षात्कार वगैरे होत नाही. त्याला आधी लहानपणी कडेवर घेऊन हिंडवलेली आणि अकाली गेलेली धाकटी बहीण आठवते, आणि तीच परत आली की काय असे वाटते. मग मूल रडू लागते आणि त्याला काहीतरी करणे भाग पडते. लापशीत घालायला तो कोरड्या तपकिरी साखरेचा एक जुना साठा काढतो, जो त्याने स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. या कंजुषाचा पहिला खर्च म्हणजे चमचाभर साखर. तिचे बूट ओले का, हा विचार त्याला सुचतो तोही तिने रडून ते ओढायला सुरुवात केल्यावर. मग ती बर्फातून चालत आली असणार हे ध्यानात येते आणि तो पावलांचा माग काढत बाहेर पडतो. प्रत्येक कृती आधीच्या गरजेतून येते, ठरवून केलेला चांगुलपणा तीत कुठेच नाही.

त्याच रात्री मुलीला दुसऱ्या कुणाकडे द्यायचे बोलणे निघते तेव्हा सायलस ठाम नकार देतो. ती माझ्याकडे आली, ती माझी, असे त्याचे म्हणणे. ही भाषा कंजुषाचीच आहे, आणि या कादंबरीचे मर्म इथे आहे. ताबा मिळवण्याची, जपून ठेवण्याची, कुणाला हात लावू न देण्याची त्याची जुनी वृत्ती जशीच्या तशी आहे. बदलली आहे ती तिची वस्तू. डॉली मदतीला येते, एरनचे लहानपणीचे कपडे आणते, आंघोळ कशी घालायची ते दाखवते. सायलस तिचे ऐकतो, पण सगळे स्वतः करायचा हट्ट धरतो, कारण मूल दुसऱ्या कुणाला जास्त चिकटेल ही भीती त्याला छळते. तिजोरीवर पहारा करणाऱ्याचीच ही भीती.

मग या वृत्तीचे पुढे काय होते? इथे एलियटने सोने आणि मूल यांतला एक साधा, भौतिक फरक कामाला लावला आहे. सोन्याला काही लागत नाही. ते सायलसला मागापाशी खिळवून ठेवते, रोज तेच विचार त्याच वर्तुळात फिरवते. मुलीला मात्र ऊन लागते, आवाज लागतात, फुले लागतात, आणि ती रोज वेगळी होते. ती त्याला माग थांबवायला लावते. शेतात नेल्यावर ती फुले तोडते तेव्हा त्याला जुन्या औषधी वनस्पती पुन्हा दिसू लागतात; आईने शिकवलेली ती विद्या त्याने रॅव्हलोत येऊन टाकून दिली होती. तिला देवी टोचायच्या आणि तिचे नाव ठेवायचे म्हणून तो लोकांत मिसळतो. रॅव्हलोच्या चर्चमध्ये तो पहिल्यांदा पाऊल टाकतो तेही तिच्या बारशासाठीच. आईचे आणि बहिणीचे नाव, हेफ्झिबा, तो तिला देतो. सगळे तिला एपी म्हणतात. साठवायची वस्तू जिवंत निघाल्यामुळे साठवणे अशक्य होते. ताबा ठेवण्याची इच्छाच त्याला दारे उघडायला भाग पाडते.

हे सगळे जिथे अंगावर येते तो प्रसंग कात्रीचा. एपी तीन वर्षांची आहे, खोडकर आहे. काम करताना तिच्यावर लक्ष राहावे म्हणून सायलस लिननच्या रुंद पट्टीने तिला मागाला बांधून ठेवतो. पट्टी इतकी लांब की ती फिरू शकेल, पण संकटात सापडणार नाही. एके दिवशी नवे कापड लावायच्या गडबडीत कात्री तिच्या हाती लागते. पट्टी कापून ती पळते. खाणीत पडली की काय या धास्तीने सायलस धावत सुटतो आणि शेवटी ती एका डबक्याच्या काठी, स्वतःच्या बुटात पाणी भरत बसलेली सापडते. डॉलीने शिक्षेचे दोन उपाय सांगितलेले असतात. त्यांपैकी सौम्य तो निवडतो आणि तिला कोळशाच्या कोनाड्यात क्षणभर कोंडतो. बाहेर काढून, आंघोळ घालून, कपडे बदलून तो मागाकडे वळतो तोच ती आपण होऊन पुन्हा कोनाड्यात जाऊन बसलेली असते. तिला तो खेळ वाटला. सायलस शिक्षा कायमची सोडून देतो. कामाचा खोळंबा झाला, आणि एके काळी सोळा तासांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला त्याचे काही वाटले नाही, हे एलियट शब्दांत सांगतही नाही. मागाला बांधलेली पट्टी कापली गेली एवढे पुरेसे असते.

पुस्तकाचा पहिला भाग पंधराव्या प्रकरणाशी संपतो आणि दुसरा सोळा वर्षांनंतर सुरू होतो. संथ बदलाच्या कादंबरीत मधली सोळा वर्षेच गाळावीत, हा या रचनेतला खरा कच्चा दुवा आहे. बदलाची दिशा आपण चौदाव्या प्रकरणात पाहतो. त्याची लांबी मात्र आपल्याला मानून घ्यावी लागते. एलियटने ही उणीव दुसऱ्या बाजूने भरून काढायचा प्रयत्न केला आहे. पंचावन्नच्या आसपासचा सायलस समोर येतो तेव्हा जुन्या माणसाच्या खुणा त्याच्यात शाबूत आहेत. तो अजून विणतो, अजून दृष्टी अधू, पाठ वाकलेली. झटक्यांवर उपाय म्हणून गावातल्या जाणत्यांनी सांगितले म्हणून पाइप ओढतो, जरी त्यात त्याला गोडी नाही. म्हणजे जो कुणाचे ऐकत नव्हता तो आता शेजाऱ्यांचा सल्ला मोडायला तयार नाही. घरात चांगली शेगडी बसवावी असे सुचवले तर तो नको म्हणतो, कारण जुन्या विटांच्या चुलीवर त्याचा जीव आहे, जसा त्या घागरीवर होता. घागरीचा उल्लेख एलियट इथे स्वतःच करते. पहिल्या भागात जी चिकाटी कंजूषपणाची वाटली तीच इथे निष्ठा म्हणून ओळखू येते. माणूस तोच आहे.

खरी कसोटी अठराव्या-एकोणिसाव्या प्रकरणांत येते. आसपासच्या जमिनीतले पाणी काढून टाकल्यामुळे दगडखाण आटते आणि तळाशी डन्स्टनचा सांगाडा सापडतो, सोन्यासकट. इतकी वर्षे पैसे झोपडीपासून हाकेच्या अंतरावर होते. ते परत मिळतात. बदल खरा की नाही हे पाहायचे तर गेलेली वस्तू परत समोर ठेवून बघावे लागते, आणि एलियटने तेच केले. त्या रात्री टेबलावर नाण्यांच्या नेहमीसारख्या रांगा रचलेल्या आहेत; रांगा रचण्याची सवय हातातून गेलेली नाही. पण सायलस एपीला सांगतो की आता या पैशाची पकड आपल्यावर बसत नाही. लगेच पुढे तो हेही बोलून दाखवतो की तू माझ्यापासून गेलीस तर ती पकड पुन्हा बसेल की काय, कोण जाणे. या कबुलीइतके खरे वाक्य कंजुषांच्या कथांत शोधून सापडणार नाही. तो बरा झाला आहे, पण दुखणे परत येऊ शकते हे त्याला माहीत आहे, आणि ते कशाने दूर राहिले आहे हेही.

त्याच रात्री गॉडफ्री आपल्या बायकोसह येतो, एपी आपली मुलगी असल्याचे सांगतो आणि तिला घरी न्यायचा प्रस्ताव मांडतो. मोठे घर, मानमरातब, सगळे देऊ करतो. सायलसपुढे आता चोरीपेक्षा मोठे नुकसान उभे आहे, आणि सोने तिथेच टेबलावर पडलेले आहे. गॉडफ्री सोळा वर्षे गप्प बसला याबद्दल तो त्याला सुनावतो. पण शेवटी निर्णय एपीवर सोडतो आणि तिच्या आड येणार नाही असे म्हणतो. मुलीला कुणाच्या हाती द्यायला तयार नसलेला पहिल्या रात्रीचा सायलस आठवला तर या एका वाक्यासाठी सोळा वर्षे का लागली ते कळते. कंजूषपणाचा अंत इथे होतो, साखरेच्या चमच्याशी नाही आणि सोने परत मिळण्याशीही नाही. एपी न जायचे ठरवते. पण ती काय म्हणेल हे माहीत नसतानाच सायलसने मूठ उघडलेली असते.

एक जखम मात्र एलियट भरू देत नाही. लँटर्न यार्डात चिठ्ठ्यांचा कौल आपल्याविरुद्ध का गेला, खरा चोर पुढे उघडा पडला का, हे जाणून घ्यायला सायलस एपीला घेऊन त्या शहरात जातो. तिथे ती गल्ली उरलेली नसते. जागेवर एक मोठा कारखाना उभा असतो आणि कामगार जेवणाच्या सुट्टीसाठी बाहेर पडत असतात. विचारायला कुणी नाही. परत आल्यावर तो डॉलीला सांगतो की ते कोडे आपल्याला शेवटपर्यंत सुटणार नाही. ज्या अन्यायातून त्याचा कंजूषपणा जन्मला त्याचे उत्तर त्याला मिळालेच नाही. तरी मूल आल्यापासून विश्वास ठेवण्यापुरता उजेड आपल्याला मिळाला आहे आणि एपी आपल्याला कधी सोडणार नाही म्हणते, तेव्हा मरेपर्यंत तो विश्वास टिकेल, असे तो म्हणतो. त्यानंतर उरते ते एपी आणि एरनचे लग्न आणि झोपडीभोवतीची नवी बाग. लग्न होऊनही एपी सायलसच्याच घरी राहते.